बेसन लाडू : तूप नक्की किती? माझे डब्यात बसले

नवी_सुगरण
नमस्कार मंडळी. लग्नानंतरची दुसरी दिवाळी, आणि पहिल्यांदाच एकटीने बेसनाचे लाडू केले. सासूबाई नणंदेकडे सांगलीला गेल्यात. फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "बेसनाच्या निम्मं तूप घे, बारीक गॅसवर वास सुटेपर्यंत भाज, गार झालं की साखर घाल." एवढंच. बाकी सगळं मला कळतंय असं त्यांनी गृहीत धरलं.

मी सहा वाट्या बेसन घेतलं, तीन वाट्या तूप. भाजताना सुरुवातीला एकदम गोळा झाला, कोरडं वाटलं म्हणून अजून दोन मोठे चमचे तूप घातलं. मग छान सैलसर, पातळ झालं, वासही आला, म्हणून वीस-बावीस मिनिटांत उतरवलं. साखर घालून वळले तेव्हा गोल होते. सकाळी डबा उघडला तर सगळे खाली बसून चपटे, एकमेकांना चिकटलेले, आणि डब्याच्या तळाला तुपाची गोल गोल वर्तुळं. वर आणि खाल्ला की टाळूला चिकटतोय.

दोन प्रश्न. एक, तुपाचा अंदाज घ्यायचा कसा? दोन, आहे त्याचं काय करू? परवा पाडवा आहे आणि सगळं सासर जेवायला येणार.

भडंग
चपटे झाले तर बेसन वडी म्हणून सुरीने काप. कुणाला कळतंय. 😄

कोपु_प्रवासी
बेसन कमी भाजलंय ताई, दुसरं काही नाही. बेसन नीट भाजलं की तूप पिऊन घेतं. कच्चं राहिलं की पीत नाही आणि मग ते बाहेर येतं. पुढच्या वेळी चाळीस मिनिटं भाजा, तेवढ्याच तुपात मस्त होतील.

जोतिबाची_वाट
आमच्याकडे एकतारी पाक करतात. साखर भिजेल एवढंच पाणी, तार आली की बेसन घालायचं. बसायचा प्रश्नच नाही, उलट दोन तासांनी हातोडी लागते.

नवी_सुगरण
@जोतिबाची_वाट, पाकाचे नाही हो, पिठीसाखरेचे. पाकाला हात लावायचं धाडस अजून नाही.

आक्का_मंगळवारपेठ
पोरी, कोपु म्हणतोय त्यातलं निम्मं खरं आणि निम्मं उलटं. कच्चं राहिलंय हे खरं, टाळूला चिकटतंय म्हणजे कच्चंच. पण भाजल्यावर बेसन तूप पितं हे काय खरं नव्हं. कच्चं बेसन तूप धरून बसतं, भाजलं की सोडतं. तुझा जो गोळा झाला ना सुरुवातीला, तो सगळ्यांचाच होतो. तिथंच नव्या बायका घाबरतात आणि तुपाचा डबा हातात घेतात. तिथं हात आवरायचा. गॅस बारीक, आणि उलथनं चालू ठेवायचं.

पंधरा-वीस मिनिटं ते जड जातं, हात भरून येतो. गोळे उलथन्यावरनं पडताना थप् थप् पडतात. मग हळूहळू ओल्या वाळूगत होतं. आणि एका घडीला एकदम हाताला हलकं लागतं, की तूप वाढलं म्हणून शंका यावी. कडेनं तूप चमकायला लागतं, बारीक बुडबुडे येतात, उलथनं उचललं तर बेसन सरसर खाली येतं. ह्याला आमच्या आई म्हणायच्या "बेसन हसलं". हसल्यावर अजून पाच-सात मिनिटं ठेवायचं, रंग बघत.

आता तुझी चूक कुठं झाली बघ. तूप आधीच जास्ती पडल्यामुळं बेसन पहिल्यापासनंच पातळ. तुला वाटलं हसलं. ते हसलं नव्हतं, बुडालं होतं.

तर्रीबाज
"हसलं नव्हतं, बुडालं होतं." आक्का, कुठं फ्रेम करून लावू?

नवी_सुगरण
आक्का, अगदी हेच झालं! मला सैल झालं की झालं असंच माहीत होतं. म्हणजे पातळ होणं ही खूण तेव्हाच खरी, जेव्हा तूप आधी कमी असतं. पण मग निम्मं तूप हे प्रमाण चूक आहे का? सासूबाईंचे लाडू तर दरवर्षी झकास होतात.

गिरणकट्टा
आमची डाळीची गिरण आहे, म्हणून लिहितो. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस लाडवाच्या डाळीशिवाय दुसरं दळायला वेळ नसतो.

निम्मं हे वजनानं बरोबर आहे, वाटीनं नाही. घोळ तिथं आहे. बेसन हलकं, फुगून बसतं. तूप भरीव. दीडशे मिलीची वाटी घ्या. बेसन हलक्या हातानं भरलं तर साधारण 75 ते 80 ग्रॅम मावतं. त्याच वाटीत पातळ तूप 135 ग्रॅमच्या आसपास. वाटी तीच, पण तूप जवळजवळ पावणेदोन पट जड. म्हणजे वाटीनं निम्मं घेतलं की वजनानं जवळजवळ बरोबरीला आलं.

ताई, तुमची वाटी केवढी ते मोजा. पाणी भरून वजनकाट्यावर ठेवा, जेवढे ग्रॅम तेवढे मिली.

आणि बेसन कुठलं होतं? पाकिटातलं बारीक असेल तर तो वेगळा त्रास. भजीचं बेसन लाडवाला चालत नाही. फार बारीक पीठ तोंडात चिकट होतं आणि गोळेही जास्त बांधतं. लाडवाला डाळ थोडी गरम करून, नुसती हाताला चटका बसेल इतपत, गार करून जाड दळायची. बोटांत घेतली की रव्याची कचकच लागली पाहिजे.

नवी_सुगरण
मोजली. 150 ग्रॅम पाणी, म्हणजे तुम्ही सांगितली तीच वाटी. बेसन 78 भरलं, म्हणजे सहा वाट्यांचं 468. तूप 136, तीन वाट्यांचं 408, वर दोन चमचे मिळून 435 च्या आसपास. बाप रे. पावणेपाचशे बेसनाला साडेचारशे तूप!

बेसन पाकिटातलंच, पण त्यावर "लाडू बेसन" लिहिलंय. बोटांत कचकच लागते. तूप घरचं म्हशीचं.

भडंग
लाडू नाही ताई, तुपाची वाटी बेसन लावून दिलीस सगळ्यांना.

दूधकट्टा
म्हशीचं तूप असेल तर एक फरक आहे. ते घट्ट थिजतं, दाणेदार. गाईचं मऊ राहतं. आम्ही गंगावेशीत समोर काढलेलं दूध आणून घरीच साय साठवून कढवतो, त्या तुपाचे लाडू आठवडाभर हलत नाहीत. एकदा बाहेरचं गाईचं तूप आणलं, तेवढंच वजन घेतलं, तर लाडू बोटाने दाबले तरी खड्डा पडत होता. मी तेव्हापासून गाईचं तूप असलं की अर्ध्या किलोला एक-दीड चमचा कमीच घेतो.

पण वासाला गाईचं भारी असं आईचं मत. घरात ह्यावरून दर दिवाळीला भांडण.

कोपु_प्रवासी
आक्का, मान्य, मी उलटं लिहिलं. पण माझे लाडू कधी बसले नाहीत, आणि मी पण वाटीनेच मोजतो. चार वाट्या बेसन, सव्वा वाटी तूप. आता कळलं का नाही बसत ते.

मास्तरीणबाई
मी शेवटच्या चमच्यापर्यंत मोजून काहीच करत नाही, तरी तीस वर्षं होतात. मोजमाप हवं असेल तर माझं हे: अर्धा किलो जाड बेसनाला 200 ग्रॅम तुपात भाजायला सुरुवात. एवढ्यात भाजता येतं, हात दुखतो एवढंच. उरलेलं 50 ग्रॅम शेजारी वाटीत वितळवून ठेवायचं. भाजून, गार करून, साखर मिसळून झाल्यावर एक लाडू वळून बघायचा. भुगा पडला तर त्यातलं एकेक चमचा घालायचं. बऱ्याचदा ते अर्धंअधिक उरतं. घातलेलं तूप काढता येत नाही, न घातलेलं कधीही घालता येतं.

वळून बघायची पद्धत पण सांगते. मूठ घट्ट दाबायची आणि उघडायची. बोटांच्या खुणा उमटून गोळा तसाच राहिला आणि तळहाताला नुसती चकाकी आली तर बरोबर. तळहातावर तूप ओघळायला लागलं तर जास्त, मूठ उघडताच फुटला तर कमी. पण हे मिश्रण कोमट असताना बघायचं. गरम असताना सगळेच लाडू तुपकट वाटतात आणि पार गार झाल्यावर सगळेच कोरडे.

प्रसाद_उपनगर
रवा लाडूला पण हेच प्रमाण का? बायको माहेरी गेली आहे.

तर्रीबाज
प्रसादराव, धागा वाचा, मग बायकोला फोन करा. ती माहेरून परत येईल असलं काही करू नका.

आक्का_मंगळवारपेठ
मास्तरीणबाई, तुमचं बरोबर. एकच भर घालते. बेसन हसल्यावर, खाली उतरवायच्या आधी, दुधाचा हबका मारायचा. अर्ध्या किलोला दोन-तीन चमचे, हातानं शिंपडून. चर्र करून सगळं फुगून वर येतं, फेस येतो, आणि तो फेस बसेपर्यंत भरभर हलवायचं. दाणा फुगतो, लाडू रवाळ होतो, टाळूला चिकटत नाही. फेस पुरता बसला पाहिजे, नाहीतर ओल राहून लाडवाला वास येतो.

मास्तरीणबाई
मी पाण्याचा मारते. दुधाने टिकत नाहीत असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं.

आक्का_मंगळवारपेठ
आमच्याकडं टिकायची वेळच येत नाही.

शाहूपुरी_किचन
मी आधी नुसतं बेसन कोरडं भाजते दहा-बारा मिनिटं, मग तूप घालते. हात दुखत नाही, गोळे होत नाहीत, आणि तूपही कमी लागतं. सगळे तुपातच का भाजता कळत नाही.

आक्का_मंगळवारपेठ
कोरड्यात दाणा बाहेरनं करपतो आणि आत कच्चा राहतो. तूप असलं की आच सगळीकडं सारखी लागते. खमंगपणा तुपातच.

शाहूपुरी_किचन
माझा कधी करपला नाही. जाड बुडाची पितळी कढई घ्या, हात थांबवू नका.

गिरणकट्टा
दोघींच्या हातचे खाल्ले तर सांगता येईल. पत्ता कळवा.

नवी_सुगरण
थांबा, माझं पाडव्याचं राहिलंच. आहे ते मिश्रण परत भाजू का? मोडून कढईत टाकलं तर?

मास्तरीणबाई
अजिबात नाही! साखर घातलेलं परत आचेवर ठेवलं की साखर विरघळते, तळाला लागते, आणि मग खरंच जोतिबाची_वाट म्हणतायत ती हातोडी लागेल. साखर किती घातली होतीस?

नवी_सुगरण
200 ग्रॅम. सासऱ्यांना शुगर आहे म्हणून निम्मी केली.

मास्तरीणबाई
आता सगळं जुळलं. ही गोष्ट कुणी सांगत नाही. साखर नुसती गोडीला नसते, तीही कोरडी भर असते, तुपाला धरून ठेवते. अर्धा किलो बेसनाला साडेतीनशेच्या आसपास पिठीसाखर असते, त्या हिशेबाने तूप ठरलेलं असतं. साखर निम्मी केलीस तर तेवढी भर गेली आणि तूप मात्र तेवढंच राहिलं. साखर कमी करायची तर तूपही हात राखून घ्यायचं. बाकी सासऱ्यांना बेसन-तूप कितपत चालतं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ते मी सांगणार नाही.

गिरणकट्टा
आता हिशेब करू. 435 तूप निम्म्याला आणायचं तर बेसन 870 पाहिजे. 468 आहे. म्हणजे चारशेच्या आसपास बेसन अजून, आणि ते बिनतुपाचं. साखरही वाढणार, एकूण सहाशेच्या जवळ, म्हणजे अजून चारशे. पण निम्म्यापेक्षा थोडं जास्त तूप असलं तरी लाडू उभा राहतो, म्हशीचं तूप आहे. मी असतो तर साडेतीनशे बेसन आणि तीनशे साखर घेऊन बघितलं असतं. लाडू दीडपटीच्या वर होतील, त्याला इलाज नाही.

आक्का_मंगळवारपेठ
इथं मात्र शाहूपुरीचं ऐक. कोरडंच भाजावं लागणार, दुसरा मार्गच नाही. 😀 पण चांगलं खरपूस भाज, नेहमीपेक्षा एक रंग पुढं, कारण आधीचं तुझं कच्चट आहे, त्याची भरपाई ह्यानं करायचीय. रंग कढईत बघू नको, काळ्या कढईत सगळंच गोरं दिसतं. चिमूटभर पांढऱ्या बशीत टाकून बघ. वास आधी ओल्या हरभऱ्याचा येतो, मग फुटाण्यांचा, मग शेजारची विचारायला येते. शेजारची आली की गॅस बंद. आणि लगेच परातीत काढ, कढईच्या उष्णतेनं ते पुढं भाजतच राहतं. माझे एकदा असेच कडू झाले, गॅस बंद करून मी फोनवर बोलत बसले होते.

नवी_सुगरण
ठीक. आज रात्री करते. भीती वाटतेय पण करते.

नवी_सुगरण
रात्रीचे साडेअकरा. केलं!

सगळे लाडू परातीत मोडले (पाच आधीच आमच्या दोघांच्या पोटात गेले होते). 350 ग्रॅम बेसन अगदी मंद आचेवर कोरडं भाजलं, सव्वीस मिनिटं लागली. बशीत तीनदा टाकून बघितलं. पहिल्यांदा लिंबासारखं पिवळं, मग हळदीसारखं, शेवटी बदामाच्या सालीकडे झुकलेलं. थोडे गोळे झाले ते चाळणीवर मोडले. गार केलं, पुरतं नाही, बोट घालून ठेवता येईल एवढं. मग आधीच्या मिश्रणात दोन्ही तळव्यांनी चोळून चोळून मिसळलं. त्या ऊबेनं जुनं तूप परत मऊ झालं आणि नवं बेसन बघता बघता ओलसर झालं. ते बघायला फार भारी वाटलं. साखर तीनशे नाही, दोनशेच घातली. मग मास्तरीणबाईंची मूठ केली. तळहात थोडा जास्त चमकला, पण ओघळलं नाही. झाकून तासभर ठेवलं, परत मळलं आणि वळले. पन्नासाला दोन कमी झाले.

टाळूला अजून किंचित चिकटतो. पण वास! नवरा झोपेतून उठून आला.

भडंग
तर शेजारची नाही, नवरा आला. माप तेच धरायचं का आक्का?

आक्का_मंगळवारपेठ
झोपेतला नवरा उठून आला म्हणजे जरा जास्तीच भाजलं असंल.

मास्तरीणबाई
छान केलंस. साखर तीनशे घातली असतीस तर तळहातही चमकला नसता. सकाळी तळ बघ आणि सांग.

नवी_सुगरण
सकाळ झाली. तळ कोरडा. खालचे दोन-तीन किंचित बसलेत, बाकीचे गोल. डब्यात एकावर एक रचले होते, पुढच्या वेळी एकच थर.

आणि आता खरी गंमत. सासूबाई आल्या. मी सगळं रामायण सांगितलं आणि विचारलं, तुम्ही वाटीनेच मोजता ना, मग तुमचे का नाही बसत? त्या म्हणाल्या, "वाटीनंच की." आणि फडताळातून बेसनाची वाटी काढली, ती माझीच. मग तुपाच्या डब्यातून दुसरीच एक वाटी काढली. लहान, जुनी, काठ चेपलेली. "तुपाला ही असते गं. डब्यातच असते कायम." मोजली. शंभर मिली.

म्हणजे त्यांच्या तीन वाट्या 273 ग्रॅम. आणि साखर त्या भरपूर घालतात.

गिरणकट्टा
468 ला 273. निम्म्याच्या थोडं वर. बसतंय गणित.

तर्रीबाज
अशा किती घरात तुपाच्या डब्यात अशी वाटी असेल आणि सुनेला कुणी सांगितलं नसेल!

कोपु_प्रवासी
ताई, लाडू पुण्याला पाठवायचे असतील तर कुरिअरने टिकतील का? म्हणजे मला नको, सहज विचारतोय.

दूधकट्टा
दिवाळीत टिकतात, थंडी असते. माझ्या भावाला एप्रिलमध्ये पाठवले होते, डबा उघडला तर शिरा.

प्रसाद_उपनगर
रवा लाडूचं कुणीतरी सांगा की राव. रवा भाजून झालाय, गॅस बंद आहे.